सुकी, दाईसुकी की आई? जपानीत प्रेम पहिल्यांदा सांगताना काय म्हणायचं

प्रश्न: "लँग्वेज एक्स्चेंजमधली जपानी मैत्रीण आवडायला लागलीय, सहा महिने बोलतोय आम्ही. सुकी फारच साधं वाटतं. दाईसुकी म्हणू की सरळ आई शितेरु?"

सुकीच म्हण, म्हणजे 'आवडतेस'. ते साधं वाटतं कारण पुस्तकात आपण ते सुशी नि कुत्र्या-मांजरांसाठी शिकतो, पण समोरासमोर उभं राहून एखाद्याला 'सुकी देस' म्हटलं की त्याचा दुसरा अर्थ कुणी काढत नाही. जपानमध्ये याला कोकुहाकु म्हणतात, आणि बहुतेक जोड्यांचं नातं तिथूनच सुरू झालं असं धरतात, म्हणून वाक्य स्पष्ट हवं.

समजा तिचं आडनाव सातो आहे. मग असं म्हण: "सातो-सान नो कोतो गा सुकी देस. त्सुकिआत्ते कुदासाई." यातलं 'नो कोतो' गाळू नकोस, त्याने 'तू माणूस म्हणून, सगळीच्या सगळी' असा भाव येतो. तू तिला नावाने हाक मारत असशील तर इथेही तेच नाव घे, फक्त 'तू' साठीचं 'आनाता' नको, ते परकं वाटतं. दुसरं वाक्य, म्हणजे 'माझ्याशी नातं जोड ना', तर हवंच, कारण नुसतं आवडतेस म्हणून थांबलास तर तुला पुढे काय हवंय ते तिला कळणार नाही. उच्चार 'स्की देस' च्या जवळ जातो, सु मधला उ जवळजवळ ऐकूच येत नाही. आणि 'माए कारा सुकी देशिता' कानावर पडलं तर भूतकाळ बघून घाबरू नकोस, 'आधीपासून आवडतेस' असंच म्हणायचं असतं, प्रेम संपलं असं नाही.

दाईसुकी चुकीचं नाहीये, सुकीपेक्षा जोरदारच आहे, पण ते लहान मुलं आईला म्हणतात, मैत्रिणी एकमेकींना म्हणतात, रामेनसाठीसुद्धा चालतं. त्यामुळे पहिल्याच वेळी म्हटलंस तर लाडिक किंवा मैत्रीतलं वाटू शकतं. नातं जमल्यावर मात्र बिनधास्त वापर, तिथे ते फार गोड लागतं.

आता जपानीतलं आई, म्हणजे प्रेम. हे नाम आहे, म्हणून 'आई देस' म्हणून चालत नाही, क्रियापद 'आई शितेरु'. हे गाण्यांत नि ड्रामात सारखं ऐकू येतं म्हणून शिकणाऱ्यांना रोजचं वाटतं, पण खऱ्या आयुष्यात कित्येक नवरा-बायकोही ते क्वचितच उच्चारतात. जे अजून सुरूच झालं नाही त्यात हे म्हटलंस तर तिच्यावर एकदम आयुष्यभराच्या वचनाचं ओझं येईल, आणि बिचारी हो म्हणणार असेल तरी दोन पावलं मागे सरकेल.

तिने 'योरोशिकु ओनेगाईशिमास' म्हटलं तर होकार. 'गोमेन नासाई' म्हणजे नाही, तिथे कारण विचारत बसू नकोस. आणि 'चोत्तो कान्गाएसासेते' म्हणाली तर तिला विचार करायला वेळ हवाय, दुसऱ्या दिवशी मेसेज टाकून उत्तर मागू नकोस, बाकीच्या गप्पा चालू ठेव.