पगाराची ओळ कोरी का?

*"तीन आठवड्यांनी गुंतवणूकदारांना भेटायचंय. आमचं ग्रॉस मार्जिन 60 टक्के आहे, थेट स्पर्धक नाही. मी पूर्णवेळ, भागीदार नोकरी सांभाळून. त्याचा हिस्सा 40 टक्के. दोघेही पगार घेत नाही. घरखर्चाला सात महिन्यांची शिल्लक आहे, अडलंच तर विमा पॉलिसी मोडेन. मार्जिन, स्पर्धा, टीम यांवरच्या अवघड प्रश्नांना काय उत्तरं देऊ?"*

तुमचा प्लॅन छापून घ्या आणि प्रत्येक आकड्याशेजारी लिहा: बिल, अंदाज की आशा. मी तेच केलं.

60 टक्के म्हणजे तुम्ही फक्त मालाचे 40 वजा केलेत. पॅकिंग आणि घरपोच पोचवण्याचे 14, पेमेंट गेटवेचे 2, परत येणाऱ्या मालाचे 6 आणि जाहिरातीचे 20 खाली 'इतर खर्चा'त लपलेत. ते प्रत्येक ऑर्डरमागे लागतातच. शेकडा 18 उरतात. हा आकडा तुम्हीच आधी सांगा. समोरच्याने शोधून काढला, तर पुढचं काहीच तो विश्वासाने ऐकणार नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. महिन्याच्या 10 लाखांच्या विक्रीवर 1.8 लाख सुटतात, त्यातले 1.6 लाख ऑफिस आणि कर्मचाऱ्यांवर जातात. उरलेल्या 20 हजारांना तुम्ही नफा म्हणता. दोघांचे साधे 60-60 हजार पगार धरा, महिन्याला लाखाचा तोटा! ना नफा ना तोटा व्हायला साडेपंधरा लाखांची विक्री हवी, आणि ती तुमच्याच तक्त्यात चौदाव्या महिन्यात येते. शिल्लक सातव्यात संपते. गुंतवणूकदाराने होकार दिला तरी कागदपत्रं, तपासणी होऊन पैसे खात्यात पडेपर्यंत काही महिने जाऊ शकतात. घर अडचणीत असलेला माणूस वाटाघाटीत काहीही कबूल करतो, हे त्यालाही ठाऊक असतं.

पॉलिसीचं म्हणाल, तर बचत आणि विमा एकत्र बांधलेली ती पारंपरिक पॉलिसी जेमतेम तीन वर्षांची आहे. आता मोडली तर भरलेल्या हप्त्यांपेक्षा बरंच कमी हातात येईल. "अडीअडचणीला उपयोगी" म्हणून ती विकणाऱ्याला कमिशन केव्हाच मिळालं. तिला शिल्लक समजू नका.

म्हणून पगाराची ओळ भरा आणि तेवढा निधी जास्त मागा. नाही मिळाला, तर तुम्ही नोकरीत परत कधी जायचं ती तारीख आत्ताच घरच्यांशी बोलून ठरवा.

टीमबद्दल खरा प्रश्न भागीदाराचा आहे: संध्याकाळच्या दोन तासांसाठी 40 टक्के? त्याचे शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने त्याचे होतील आणि वर्षाच्या आत सोडलं तर काहीच मिळणार नाही, असा करार भेटीआधी करा. नोकरी कधी सोडणार, हेही त्याच्याकडून लिहून घ्या. तो कां-कूं करू लागला, तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

"स्पर्धक नाही" ही ओळ मात्र खोडा. आज तुमचं गिऱ्हाईक ती गरज कशाने भागवतं, ते लिहा.