आभार मानताना ‘तू’ की ‘तुम्ही’

मुंबईत नव्याने मराठी बोलू लागला आहात, तर आधी भूतकाळाचं क्रियापद पक्कं करा. आभार आपण बहुधा झालेल्या गोष्टीचेच मानतो, आणि चूक तिथेच होते.

समजा, शेजारच्या काकूंनी डबा पाठवला. म्हणा, “काकू, तुम्ही डबा पाठवलात, फार बरं झालं.” भाजी असेल तर ‘पाठवलीत’, लाडू असतील तर ‘पाठवलेत’. म्हणजे क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं आणि शेवटचा ‘त’ काकूंचा मान राखतो. मैत्रिणीला हेच ‘पाठवलास, पाठवलीस, पाठवलेस’ होईल.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- “काकू, तुम्ही भाजी पाठवलीस.” सुरुवात आदराची, शेवट एकेरी, हे कानाला फार खटकतं. नुसतं ‘तुम्ही पाठवली’ मात्र मुंबईत सर्रास ऐकू येतं, त्याने कुणी दुखावत नाही.
- हिंदीतल्या ‘आप’च्या सवयीने शेजाऱ्यांना ‘आपण’ म्हणणं. ते व्यासपीठावर शोभतं, दारात परकं वाटतं.
- वयाने लहान दिसला म्हणून वॉचमन किंवा डिलिव्हरीवाल्याला ‘तू’. अनोळखी प्रौढाला ‘तुम्ही’च म्हणा: “दादा, तुम्ही वर आणून दिलंत, थँक्यू.”

शाळकरी मुलांना ‘तू’ बिनधास्त चालतं. बरोबरीच्यांत “थँक्यू रे”, “थँक्यू गं” पुरतं. तिथे ‘आभारी आहे’ म्हटलं तर मित्र रुसलाय की काय असं वाटेल. मित्र आपल्या आईला ‘तू’ म्हणतो हे ऐकून तुम्ही मात्र तिला ‘तू’ म्हणू नका. तुमच्यासाठी त्या काकू, आणि ‘तुम्ही’.