पोच पाठवणं ही चूक नव्हती, चूक त्यातल्या एका वाक्यात आहे

प्रश्न : माझं इचलकरंजीत घरगुती पिठाच्या गिरण्यांचं दुकान आहे. स्वतःच्या वेबसाइटवरूनही विक्री होते. नाशिकच्या एका ग्राहकाने मोटर जळाल्याची तक्रार ईमेलने केली. भाच्याने त्याच संध्याकाळी उत्तर पाठवलं, 'झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. सात दिवसांत तुमचा प्रश्न नक्की सोडवू.' पुढे दिवाळीच्या गडबडीत ते राहून गेलं. आता नाशिकच्या ग्राहक आयोगाची नोटीस आलीय आणि त्यात हाच ईमेल जोडलाय. एका दिवसात उत्तर दिलं हेच चुकलं का? यापुढे पोच पाठवूच नये का?

उत्तर : सगळं लिहिलंत, पण नोटीस कोणत्या तारखेला हातात पडली ते लिहिलं नाहीत. आधी ते पाकीट शोधा. नोटिशीसोबत तक्रारीची प्रत मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते. आयोगाने मुदत वाढवून दिलीच तर आणखी 15 दिवस मिळतात. त्यापुढे एक दिवससुद्धा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. तक्रार तीन महिन्यांत आणि माल तपासणीला पाठवावा लागला तर पाच महिन्यांत निकाली काढावी, असंही कायदा म्हणतो. ती मुदत आयोगाकडून क्वचितच पाळली जाते, पण तुमची 45 दिवसांची मुदत मात्र काटेकोर मोजली जाते.

आता ईमेलचं. तुम्ही वेबसाइटवरून विकता, म्हणजे 2020 चे ई-कॉमर्सचे नियम तुम्हाला लागू आहेत. तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क वेबसाइटवर ठळक द्यायचा, तक्रारीची पोच त्याने 48 तासांत द्यायची आणि तक्रार आल्यापासून महिन्याभरात तिचं निवारण करायचं, असं ते नियम सांगतात. दुकान लहान म्हणून यातून सूट नाही. तेव्हा 'पोच पाठवूच नये' हा विचार डोक्यातून काढा. भाच्याने एका दिवसात उत्तर दिलं हे चांगलंच केलं.

बिघडलं ते 'सात दिवसांत नक्की सोडवू' या वाक्यात. पोच म्हणजे तक्रार मिळाल्याची कबुली. दोष आपला असल्याची कबुली ही वेगळी गोष्ट. 'दिलगीर आहोत' या शब्दांची मला तितकी भीती वाटत नाही. तो शिष्टाचार आहे आणि नुसत्या त्यावर कोणी निकाल देईल असं मला वाटत नाही. पण मोटर का जळाली हे तुम्हाला त्या संध्याकाळी ठाऊक होतं का? ओलसर धान्य टाकलं असेल, जाळी तुंबली असेल, घरचा व्होल्टेज कमी असेल किंवा वाइंडिंगच खराब असेल. कारण माहीत नसताना भाच्याने निकालाचं वचन देऊन टाकलं. आठव्या दिवशी तेच वचन मोडलं आणि सेवेतली त्रुटी कोणत्या तारखेला झाली हे ग्राहकाला शोधावंही लागलं नाही. ती तारीख तुम्हीच लिहून दिली होती.

पोचेत वचन द्यायचं ते आपल्या हातातल्या पावलांचं. मेकॅनिक कधी येईल हे तुमच्या हातात आहे. तो काय सांगेल हे नाही. समजा तक्रार सोमवारी, 2 जून 2025 रोजी सकाळी आली. तर बुधवार सकाळच्या आत असा ईमेल जायला हवा होता :

> आपली 2 जूनची तक्रार आम्हाला मिळाली. तक्रार क्रमांक 14. बिल क्रमांक अमुक असलेल्या गिरणीची मोटर गरम होऊन बंद पडते व जळाल्याचा वास येतो, असे आपण कळवले आहे.
>
> कृपया गिरणीच्या मागील पट्टीवरील क्रमांकाचा फोटो पाठवावा व पाहणी होईपर्यंत गिरणी चालवू नये. आमचा मेकॅनिक 7 जूनपर्यंत आपल्या घरी येऊन पाहणी करेल. पाहणीचा अहवाल आणि दुरुस्ती, बदली किंवा परतावा यांबाबतचा आमचा निर्णय 14 जूनपर्यंत लेखी कळवू.
>
> या तक्रारीसाठी संपर्क : (पूर्ण नाव), तक्रार निवारण अधिकारी, (फोन), सकाळी 10 ते सायंकाळी 6.

'गरम होऊन बंद पडते' यापुढे 'असे आपण कळवले आहे' का लिहिलं ते भाच्याला समजावून सांगा. तक्रार ग्राहकाच्या तोंडची राहते, तुमची होत नाही. 'गिरणी चालवू नये' हे वाक्यही उगाच नाही. त्यानंतरही त्याने दळण चालू ठेवलं आणि मोटर पूर्ण गेली, तर ती सूचना तुम्हाला दाखवता येते. आणि 'सात दिवसांत' असं न लिहिता तारीखच घाला. सात दिवस कधीपासून, रविवार धरून की सोडून, यावर पानंच्या पानं युक्तिवाद झालेले मी ऐकले आहेत. शेवटची तारीख 14 जून ठेवली, म्हणजे मेकॅनिक चुकला तरी 2 जुलैपर्यंतचा कायद्याचा महिना हाताशी राहतो. मेकॅनिक खरंच चुकला तर 7 तारखेलाच दोन ओळींचा ईमेल करून नवी तारीख द्या. 8 तारखेला नाही.

गिरणी दुसऱ्या कंपनीची असेल आणि पाहणी तिचाच माणूस करणार असेल, तर त्याच्या येण्याची तारीख स्वतःच्या नावावर लिहू नका. 'कंपनीला आज कळवले आहे, तिचे उत्तर अमुक तारखेपर्यंत आपणास कळवू' एवढंच लिहा. पण म्हणून विक्रेता आपोआप सुटतो असं नाही. ते वॉरंटीच्या कागदावर अवलंबून आहे आणि तो तुम्ही पाठवलेला नाही.

संपर्काच्या माणसाचं म्हणाल तर भाच्याचं नाव घालायला हरकत नाही, पण त्याच्या खासगी मेलवरून व्यवहार नको. तो परगावी गेला की पुढचे मेल कोण वाचणार? आपोआप जाणाऱ्या 'आपला संदेश मिळाला' एवढ्या उत्तराने नियमातली पोच पूर्ण होते का, यावर वाद होऊ शकतो. मी त्याच्या भरवशावर राहणार नाही. आणि कोणीतरी सांगेल की प्रत्येक ईमेलखाली 'आमचे सर्व हक्क राखून' असं लिहा. बिघडत काही नाही, पण वर 'नक्की सोडवू' लिहिलं असेल तर ती ओळ तुम्हाला फारशी वाचवणार नाही.

चालू प्रकरणात तो ईमेल नाकारू नका, 'भाच्याला अधिकार नव्हता' असंही म्हणू नका. दुकानाच्या नावाने गेलेलं उत्तर दुकानाचंच धरलं जाईल आणि असा बचाव घेतला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. आतासुद्धा नाशिकला मेकॅनिक पाठवण्याची लेखी तयारी कळवा आणि ते पत्र कैफियतीला जोडा. मोटर वापरामुळे जळाली असेल तर ते सिद्ध करायला पाहणीच लागेल, आणि ती जितकी उशिरा होईल तितकी तिची किंमत कमी. मोटरचाच दोष निघाला तर आयोगासमोर मध्यस्थी मागा. कायद्यात ती सोय आहे आणि दोन्ही बाजू तयार असतील तर पहिल्याच तारखेला तिकडे जाता येतं. एका मोटरच्या किमतीसाठी इचलकरंजी-नाशिक किती फेऱ्या माराल याचा हिशेब तुम्हीच करा. ग्राहक जिथे राहतो तिथे त्याला तक्रार करता येते, तेव्हा 'खटला इथे चालवा' हा मुद्दा काढून उपयोग नाही.

वकील आजच गाठा. भेटीला जाताना पाकीट, बिल, वॉरंटी कार्ड आणि तो ईमेल छापून न्या. भाच्याने तो 'सेंट'मधून पुसला असेल तर तेही वकिलाला आधीच सांगा.