दोनदा ‘बघते’ म्हटलंय, आता नाही कसं म्हणू?

*ताई, आमच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांची पतपेढी आहे. शेजारच्या टेबलावरचे काका मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी ५ लाखांचं कर्ज काढताहेत आणि जामीनदार म्हणून माझी सही हवी म्हणतात. मी लागले तेव्हा सगळं काम त्यांनीच शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर विचारलं, मी ‘बघते’ म्हणाले. परवा पुन्हा विचारलं, पुन्हा ‘बघते’. शुक्रवारी फॉर्म द्यायचाय. आमचंच घराचं कर्ज चालू आहे, मला सही करायची नाही. त्यांना न दुखावता कसं सांगू?*
*– एक वाचक, मुलुंड*

उद्याच सांगा. शुक्रवारपर्यंत थांबू नका. काका नाराज झाले, तर तुमच्या नकारापेक्षा उशिरामुळे जास्त होतील. तुम्ही ‘बघते’ म्हणालात तेव्हा ‘आता त्यांनी मागे लागू नये’ एवढंच तुमच्या मनात असेल. पण गरजवंत माणूस ते ‘हो’ म्हणूनच घरी घेऊन जातो. दुसरा जामीनदार शोधायला त्यांच्या हातात जेवढे दिवस उरतील, तेवढं तुमचं ‘नाही’ त्यांना कमी बोचेल.

आधी तुमच्या मनाची बाजू पक्की करते, कारण ती डळमळीत असली की बोलताना आवाजही डळमळतो. ‘नुसती सही आहे’ असं सगळेच म्हणतात. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे (कलम १२८) वेगळं काही ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून सगळं वसूल करून पाहा, मग माझ्याकडे या, असं तुम्हाला पतपेढीला सांगता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला, तर त्यात जामीनदाराचंही नाव येऊ शकतं. तेव्हा तुम्ही उगाच घाबरताय असं अजिबात नाही.

पण यातलं एक अक्षरही काकांसमोर काढू नका. कलमं सांगायला लागलात की वाद सुरू होतो, आणि वाद घालताना ‘हे बुडवतील असं हिला वाटतं’ हेच त्यांच्या कानावर जाईल. हे फक्त तुम्हाला ठाम राहता यावं म्हणून सांगितलं.

घराच्या कर्जाचं कारणही पुढे करू नका, खरं असलं तरी. अडचण सांगितली की समोरचा ती सोडवायला बसतो. काका म्हणतील, ‘अगं, तुझ्या हप्त्याचा काय संबंध? माझा हप्ता माझ्या पगारातूनच कापणार.’ त्यावर तुमच्याकडे उत्तर नसेल. मग दुसरं कारण शोधावं लागेल, तेही ते खोडून काढतील आणि चौथ्या मिनिटाला तुम्ही सही करत असाल. ‘नवरा नको म्हणतो’ हे तर बायकांच्या तोंडी अगदी सहज येतं. पण काका पुढच्या पूजेला तुमच्या घरी भेटतील आणि थेट त्यांनाच विचारतील. त्यापेक्षा आज रात्री घरी दोघांनी बसून खरोखर ठरवा, की कर्ज फिटेपर्यंत आपण कुणालाही जामीन राहायचं नाही. असा घरचा नियम कुणाला खोडता येत नाही, कारण त्यात सोडवण्यासारखी अडचणच नसते. मात्र तुम्ही आधीच कुणाला जामीन असाल, तर हे वाक्य वापरू नका. पतपेढीत अशा गोष्टी लपत नाहीत.

जागा जपून निवडा. त्यांनी चारचौघांत विचारलं म्हणून चारचौघांत उत्तर द्यायचं नाही. व्हॉट्सॲपवर तर नकोच, तिथे आवाज नसतो आणि मेसेज पुढे फिरतो. संध्याकाळी ऑफिसातून स्टेशनपर्यंत त्यांच्याबरोबर चालत जा. शेजारी चालताना सारखं डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि स्टेशन आलं की बोलणं आपोआप संपतं. पाच-दहा मिनिटं पुरे होतात.

सुरुवात इकडच्या तिकडच्या गप्पांनी करू नका. मुलीची चौकशी करून मग नाही म्हटलंत, तर ती चौकशी खोटी ठरते. पहिल्या दोन वाक्यांतच नकार येऊ दे:

‘काका, जामिनाचं तुम्ही विचारलं होतंत. मला सही करता येणार नाही. हे मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं, “बघते” म्हणून तुम्हाला उगाच थांबवून ठेवलं. त्याचं मला खरंच वाईट वाटतंय.’

माफी कशाची मागितलीये ते बघा. उशिराची मागितलीये, नकाराची नाही. नकाराचीच माफी मागत राहिलात, तर तुम्ही अजून वळाल असं त्यांना वाटेल.

ते बहुधा म्हणतील, ‘अगं, नुसती सही तर आहे.’

‘हो काका. पण घराचं कर्ज फिटेपर्यंत कुणालाच जामीन राहायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.’

इथे थांबा. पुढची शांतता तुम्हाला असह्य होईल आणि ती भरायला तोंडून ‘तसं काही नाही, म्हणजे बघा ना’ असं निघून जाईल. हेच आवरायचंय. तसंच ‘जमणार नाही, पण...’ असं वाक्य अर्धवट सोडू नका. ‘पण’वर थांबलात की उरलेलं वाक्य काका पूर्ण करतील. हसूही नका. आपण संकोचाने हसतो, समोरच्याला मात्र अजून थोडी गळ घातली तर चालेल असं वाटतं. आवाज हळू, गती नेहमीपेक्षा जरा संथ, आणि वाक्य पूर्ण.

मग सगळ्यात कठीण प्रश्न येईल: ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ ‘छे छे, तसं नाही!’ म्हणालात, तर पुढचं वाक्य ठरलेलं आहे: ‘मग कर की सही.’ त्यामुळे विश्वासाच्या वादात शिरूच नका. ‘काका, तुमच्याबद्दल मला काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणूनच टाळत न बसता समोर येऊन सांगतेय.’ आणि त्यांनी जुने दिवस काढले, तर ते मनापासून मान्य करा: ‘काम मला तुम्हीच शिकवलंत, ते मी कधी विसरणार नाही. पण ही सही माझ्याकडून होणार नाही.’ उपकार आणि नकार या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि तुम्ही दोन्ही म्हणून दाखवल्यात तर तेही हळूहळू ते समजून घेतील.

मदत करावीशी वाटत असेल, तर त्याच संध्याकाळी बोलू नका, नाहीतर ती भरपाई वाटते. दोन दिवसांनी सांगा, की मुलीच्या नावानेच बँकेचं शैक्षणिक कर्ज विचारून बघा. केंद्राच्या पतहमी योजनेखाली ७.५ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण किंवा बाहेरचा जामीनदार लागत नाही. पालक सहकर्जदार असतात, तेवढं पुरतं. मुलीचं कॉलेज आणि अभ्यासक्रम बसतो का, हे त्यांनी बँकेतच विचारावं.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी त्यांच्याबरोबर चहाला जा. ते काही दिवस तुटक बोलतील, ते बोलू देत. तुम्ही मात्र वाट बदलू नका. कुणी विचारलं तर ‘आमचं बोलणं झालंय’ एवढंच सांगा. त्यांची गरज चारचौघांत चघळली गेली, तर ते त्यांना नकारापेक्षा जास्त लागेल.

आणि एक काम राहिलं. तुमच्या दोन ‘बघते’वर विसंबून काकांनी फॉर्मवर तुमचं नाव आधीच लिहिलं असेल. त्यांच्याशी बोलणं झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी पतपेढीच्या कारकुनाला जाऊन सांगा, की जामीनदार म्हणून माझं नाव घेऊ नका. कारण सांगायची गरज नाही.