चलन आले की चालकाच्या पगारातून थेट कापावे का?

"जालन्यात आमच्या बियाणे कंपनीच्या सहा गाड्या आहेत. चलन आले की लेखा विभाग चालकाच्या पगारातून दंड कापतो. हे योग्य आहे का? धोरणात काय लिहावे?"

सरसकट कापणे योग्य नाही. ई-चलन गाडीच्या क्रमांकावर, म्हणजे नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते, त्यामुळे तुमच्या बाबतीत ते कंपनीच्या नावे येते. त्या क्षणी गाडी कोणाच्या हातात होती, हे ते सांगत नाही. पोलिसांनी विचारल्यास चालकाची माहिती देणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 नुसार मालकाचे कर्तव्य आहे. कंपनीलाच ते ठाऊक नसेल, तर पगार कोणाचा कापणार?

मी जालन्यातीलच एका कारखान्यात वाहने सांभाळतो. समृद्धीवरील अतिवेगाचे 2,000 रुपयांचे चलन आम्हाला बऱ्याच उशिरा दिसले, कारण नोंदणीत दिलेला मोबाइल क्रमांक नोकरी सोडून गेलेल्या लिपिकाचा होता. लेखा विभागाने नेहमीच्या चालकाच्या पगारातून रक्कम कापली. त्याने गाडी-हस्तांतराची वही उघडून दाखवली: त्या रविवारी किल्ली विक्री अधिकाऱ्याने नेली होती, मीटर 48,210 वर होते आणि सोमवारी सकाळी 48,642 वर होते. चलनाची वेळ रविवारी रात्री साडेनऊची. म्हणजे दंड त्या अधिकाऱ्याचा आणि 432 किलोमीटरचा खासगी प्रवासही त्याचाच. गाडी लिटरला 12 किलोमीटर देते असे धरले, तर 36 लिटर डिझेलचा हिशेबही त्यानेच द्यायला हवा होता. आम्ही चालकाचे पैसे परत केले आणि, खरे सांगायचे तर, त्याच्यासमोर मान खाली घातली.

म्हणून धोरणात सर्वप्रथम ही वही लिहा. किल्ली देताना आणि घेताना तारीख, वेळ, मीटर रीडिंग व दोघांच्या सह्या घ्या, आणि खासगी वापराला आधी लेखी परवानगी घेणे बंधनकारक करा. दर महिन्याला टाकी फुल करून किलोमीटरला लिटरने भागा. सरासरी अचानक घसरली तर आधी टायरमधील हवा व इंजिन तपासा, लगेच चोरीचा आरोप करू नका.

दंडाची वाटणी कारणावरून करा. सिग्नल तोडणे, मोबाइलवर बोलणे हे चालकाकडे. विमा, पीयूसी किंवा बंद पडलेला दिवा हे कंपनीकडे. सकाळी सातला गाडी देऊन साडेनऊला नांदेड गाठायला सांगितले असेल, तर अतिवेगाचा दोष वेळापत्रक ठरवणाऱ्याचाही आहे. पगारातून वसुली करायचीच असेल, तर आधी लेखी नोटीस द्या आणि चालकाचे म्हणणे ऐकून घ्या.

अपघाताच्या कलमात क्रम असा ठेवा: जखमीला उपचार, मग पोलिसांना माहिती (कायद्यात चोवीस तासांची मर्यादा आहे), मग विमा कंपनीला कळवणे. जागेवर तडजोडीच्या कागदावर चालकाने सही करू नये, हेही त्यात स्पष्ट लिहा. आणि नोंदणीतील मोबाइल क्रमांक आजच तपासा.