रात्रीचे ८:४०, पण कुठल्या घड्याळात?

प्रश्न : वकीलसाहेब, शूटिंगच्या एका ऑनलाइन गेममधलं माझं चार वर्षांचं अकाउंट चीटिंगच्या आरोपावरून कायमचं बंद केलंय. मेलमध्ये ‘13 March, 20:40 UTC’ एवढीच वेळ आहे. त्या रात्री पावणेनऊला मी चुलतभावाच्या रिसेप्शनला होतो, फोटो आहेत. स्किन्सवर, म्हणजे गेममधल्या सजावटीवर, १८ हजार घातलेत. भाचा कधीमधी माझ्या पीसीवर खेळतो. केस करू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : केसचं नंतर बघू, आधी ते फोटो बाजूला ठेवा. आपलं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असतं. म्हणजे मेलमधली वेळ आपल्याकडे १४ मार्चच्या पहाटेची, २ वाजून १० मिनिटांची. रिसेप्शनचे फोटो पाठवले असते, तर तपासणाऱ्याने तुमचं पुढचं काही मनावर घेतलं नसतं. शिवाय ती वेळ बहुधा बंदीची आहे, चीटिंगची नाही. नेमकं काय पकडलं गेलं हे चीट बनवणाऱ्यांना कळू नये, म्हणून कंपन्या पुष्कळदा संशयित खाती काही दिवस तशीच ठेवतात आणि मग एकदम बंद करतात. त्यामुळे ‘तेव्हा मी तिथे नव्हतोच’ या बचावात इथे फारसा दम नाही.

खरा प्रश्न असा, की बंदीच्या आधीच्या दिवसांत खातं कोणाच्या हातात होतं आणि पीसीवर काय चालू होतं. लॉगिनचे मेल, इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची तारखांसह यादी आणि माउसच्या सॉफ्टवेअरमधले मॅक्रो, म्हणजे आपोआप क्लिक करणाऱ्या आज्ञा, पाहा. रागाच्या भरात विंडोज फॉरमॅट करू नका, पुरावाही त्यातच जाईल. भाच्याला न रागावता विचारा. रागावलात तर तो नाहीच म्हणणार. त्याने काही टाकलं असेल, तर बहुतेक अटींनुसार जबाबदारी खातेदाराची, म्हणजे तुमचीच. मग अपील ‘मी निर्दोष’ असं नको, ‘हे घडलं, शिक्षा कमी करा’ असं हवं. खोटं तर लिहूच नका, ते पुढे तुमच्याच विरुद्ध वापरलं जाईल.

काहीच सापडलं नाही, तर इंग्रजीत दहा ओळींचं एकच अपील पाठवा : खात्याचा आयडी, बंदीची वेळ यूटीसीत, चालू असलेले प्रोग्रॅम, जोडलेले पुरावे. शेवटी एकच मागणी ठेवा, की माणसाने फेरतपासणी करून कोणता नियम मोडला ते कळवावं. ‘कोर्टात खेचीन’ हे वाक्य गाळा; ते वाचून सपोर्टवाला तिकीट कायदा विभागाकडे ढकलतो.

नकार आला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तुम्ही तिथे राहता एवढं पुरतं, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. मात्र करार विनाकारण एकतर्फी संपवण्याची अटच अन्यायकारक आहे असं म्हणायचं असेल, तर ते राज्य आयोगापुढे. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. आणि १८ हजारांचा हिशेब मांडताना अटी वाचा : स्किन्स बहुधा विकलेल्या नसतात, फक्त वापरायला दिलेल्या असतात.