डाएट संपल्यावर काय? रोजच्या खाण्यात शंभर कॅलरी वाढवायला घाबरणाऱ्या ताईंची गोष्ट

प्रश्न: "मॅडम, नऊ महिन्यात ११ किलो कमी केलं. आता टार्गेटला पोचले पण पुढे काय खायचं तेच कळत नाहीये. दोन दिवस घरच्यांसारखं जेवले तर काट्यावर सव्वा किलो जास्त दिसलं. घाबरून परत रोजच्या १२०० कॅलरींवर आले. असंच आयुष्यभर खायचं का? किती वाढवू, कसं वाढवू?"

आयुष्यभर १२०० वर राहायचं नाहीये, आणि ते सव्वा किलो चरबी नव्हतं, हे दोन्ही आधीच सांगते. कसं ते समजायला माझ्याकडे आलेल्या एका ताईंचं सगळं सविस्तर लिहिते, त्यांची ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय, पण आकडे तुमच्या उपयोगाचे आहेत.

वय ४१, उंची १५७ सेंटीमीटर, बँकेत नोकरी, घरी सासूबाई, नवरा, दोन मुलं. ७४ वरून ६३ किलोवर आल्या होत्या आणि शेवटी १२५० कॅलरी खात होत्या. आल्या तेव्हा त्यांच्या हातात वजनाची वही होती आणि पहिलंच वाक्य होतं, मला फक्त एवढंच सांगा की पोळी कधी खाऊ शकते.

मी आधी ती वही घेतली. मेंटेनन्सचा आकडा, म्हणजे जेवढं खाल्लं की वजन ना वाढतं ना कमी होतं तो आकडा, लोक ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर काढतात आणि तिथेच गडबड होते. त्यांचा कॅल्क्युलेटर १७४० दाखवत होता. वही काय म्हणत होती? शेवटच्या चार आठवड्यात १.२ किलो कमी झालं होतं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, म्हणजे १.२ किलोच्या झाल्या ९२४०, भागिले २८ दिवस, रोजच्या ३३० झाल्या. त्या खात होत्या १२५०, म्हणून त्या घडीचा मेंटेनन्स साधारण १५८०. कॅल्क्युलेटरपेक्षा एकशे साठने कमी. का, तर बरेच महिने कमी खाल्लं की शरीर खर्च आवरतं, माणूस नकळत कमी हलतो, उठबस कमी होते, जिन्याऐवजी लिफ्ट बरी वाटते. शिवाय मोजताना निसटलेलं तेल असतंच. ताई एका दिवसात १७४० वर गेल्या असत्या तर काही आभाळ कोसळलं नसतं, पण वजन हळूहळू वर सरकलं असतं आणि घाबरून त्या परत खाली आल्या असत्या, हे मी खूप वेळा बघितलंय.

म्हणून आम्ही दर दोन आठवड्यांनी शंभर कॅलरी असं ठरवलं. १३५०, मग १४५०, १५५०, १६५०. हे एवढं हळू का, तर खरं सांगू का, शरीराला गरज असते म्हणून नाही. हळूहळू वाढवलं की मेटाबॉलिझम जादूने वाढतो असं जे सांगतात त्याला फारसा भक्कम आधार नाहीये. खाणं वाढलं की अंगात थोडी हुशारी येते, हालचाल वाढते, अन्न पचवायचा खर्चही थोडा वाढतो, तेवढंच. हळू जाण्याचा खरा फायदा म्हणजे प्रत्येक पायरीवर आपलं वजन काय करतंय ते दिसतं, आणि डाएटनंतरची ती भूक असते ना तिला आवर राहतो. ही भूक कमकुवत मनाची लक्षणं नव्हेत हो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता, त्यातल्या बऱ्याच जणांना पोटभर मिळायला लागल्यावरही कितीतरी आठवडे समाधान होत नव्हतं, खातच राहावंसं वाटायचं. तुमचं शरीरही तेच करतंय.

पहिले शंभर कुठे घालायचे? ताईंना वाटलं होतं शंभर म्हणजे संध्याकाळी काहीतरी चटकमटक. मी म्हटलं नको, डब्यात एक पोळी वाढवा. ठरलेल्या जेवणात, ठरलेल्या वेळी, मोजता येईल अशी गोष्ट. दुसऱ्या पायरीला रात्री वाटीभर दही, तिसऱ्याला १५ ग्रॅम शेंगदाणे, चौथ्याला रात्रीच्या जेवणात थोडा भात. डाळ, उसळ, अंडी, पनीर हे प्रोटीनचं जे चालू होतं ते तसंच ठेवलं, डाएट संपला म्हणून ते सोडायचं नाही, पोट भरल्यासारखं त्यानेच वाटतं.

वजन रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करायचं. पण बघायची ती सात दिवसांची सरासरी. रोजचा आकडा फक्त लिहायचा, त्याच्यावरून काही ठरवायचं नाही. (ज्यांना रोज काट्यावर उभं राहिलं की दिवसभर जीव खालीवर होतो त्यांना मी आठवड्यातून तीनदा करायला सांगते.)

दुसऱ्या आठवड्यात संक्रांत आली. दोन गुळपोळ्या तूप घालून, तिळगूळ, आणि मग दोन घरची हळदीकुंकवं. संक्रांतीच्या आधी वजन ६३.२ होतं, दोन दिवसांनी ६४.६. ताईंनी मला फोन केला नाही. परस्पर दोन दिवस सूप आणि काकडीवर काढले, तिसऱ्या रात्री ऑफिसातून येऊन उभ्या उभ्या अर्धा डबा चिक्की संपवली आणि मग फोन केला, रडत होत्या, म्हणाल्या सगळं वाया गेलं मॅडम.

मी म्हटलं आधी हिशोब करू. १.४ किलो चरबी अंगावर चढायला मेंटेनन्सच्या वर जवळजवळ अकरा हजार कॅलरी खाव्या लागतात. तुपासकट एक गुळपोळी तीनशेची धरली तर रोजच्या जेवणावर ३६ पोळ्या झाल्या. तुम्ही दोन खाल्ल्या. मग हे वजन कुठलं? डाएटमध्ये स्नायूंमधला आणि यकृतातला साखरेचा साठा, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, तो अर्धामुर्धा रिकामा झालेला असतो. गूळ, पोळी, भात मिळाला की तो भरतो, आणि एक ग्रॅम साठ्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी येतं. तीनशे ग्रॅम साठा भरला तर पाण्यासकट सव्वा किलो झालंच की. वर जास्तीचं मीठ, आणि पोटात असलेलं अन्न. आणि प्रश्न विचारणाऱ्या ताई, तुमचं सव्वा किलोही हेच आहे.

त्यांना सांगितलं की चिक्कीची भरपाई करायची नाही, उद्या सकाळपासून परत १३५०, ना कमी ना जास्त. पाचव्या दिवशी वजन ६३.४ होतं. खरा घोटाळा गुळपोळीने केलाच नव्हता, नंतरच्या दोन काकडीच्या दिवसांनी केला होता.

पहिल्या सहा आठवड्यात सरासरी ६३ वरून ६३.४ झाली आणि तिथे थांबली. १३५० वर असताना त्या अजूनही मेंटेनन्सच्या खाली होत्या, म्हणजे आतून थोडी चरबी कमीच होत होती तरी काटा वर दाखवत होता, हे पचायला त्यांना अवघड गेलं. पाळीच्या आधीही पाणी साचतं, म्हणून या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करण्यापेक्षा मागच्या महिन्यातल्या पाळीच्या त्याच दिवसांशी करायची.

१६५० ला मात्र खरी अडचण आली. तीन आठवडे सरासरी वाढतच गेली, ६३.६, ६३.९, ६४.१. एक आठवडा वाढली तर मी काही करत नाही, सलग तीन म्हटल्यावर बघावं लागतं. आठवड्याला अडीचशे ग्रॅम म्हणजे रोजच्या पावणेतीनशे कॅलरी जास्त, आणि आम्ही तर शंभरच वाढवल्या होत्या. म्हणजे कुठेतरी गळती होती. मार्च होता, बँकेत वर्षअखेर, ताईंचं संध्याकाळचं चालणं बंद झालेलं, मोबाइलवर पावलं ९००० ची ६००० झाली होती, तिथे शंभरेक गेल्या. उशीर होतो म्हणून ऑफिसात चहाबरोबर फरसाण, ते लिहिलंच जात नव्हतं. आणि फोडणीचं तेल परत बाटलीतून थेट कढईत पडायला लागलं होतं. आकडा कागदावर १६५० होता, पोटात १८०० च्या वर जात होता.

इथे लोक काय करतात, घाबरून परत १२५० वर जातात. आम्ही १६५० सोडलं नाही. तेल चमच्याने, फरसाणाऐवजी घरून नेलेले फुटाणे आणि ते लिहायचे, जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं चालायचं. तीन आठवड्यात सरासरी ६३.९ वर स्थिर झाली. मग पन्नास वाढवून १७००, तिथे चार आठवडे ठेवलं, वजन ६३.८ ते ६४.२ मध्येच फिरत राहिलं. सगळे मिळून सोळा आठवडे लागले. बघा, सुरुवातीला १५८० होता तो मेंटेनन्स १७०० निघाला आणि बदल्यात जे वाढलं ते साधारण एक किलो, त्यातलं बरंचसं पाणी. ६३ चा हट्ट त्यांनी सोडला हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण रिकाम्या साठ्याचं वजन हे कायमचं वजन नसतंच.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. पाळी थांबली असेल, सतत थंडी वाजत असेल, चक्कर येत असेल, केस खूप गळत असतील तर ही शंभर-शंभरची वाट तुमच्यासाठी नाहीये, कारण त्यात तुम्ही अजून कित्येक आठवडे अर्धपोटीच राहता. तेव्हा डॉक्टरांना भेटायचं आणि सरळ मेंटेनन्सला यायचं. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तरी आहार वाढवण्याआधी डॉक्टरांना विचाराच. आणि बंद दाराआड भरपूर खाणं, मग उपाशी राहणं हे वारंवार होत असेल तर मोजणं थांबवा आणि त्या विषयातल्या तज्ज्ञाला भेटा.

तुम्ही आता एवढंच करा. मागच्या चार आठवड्यांची वजनं आणि रोजचं खाणं लिहून काढा, वर केला तसा हिशोब करा. तुमचा आकडा आणि १२०० यात चारशेच्या वर फरक निघाला तर पहिली पायरी दोनशेची घ्या, एवढं खाली राहून उगाच दिवस काढायची गरज नाही. नाहीतर सोमवारपासून डब्यात एक पोळी जास्त. पहिल्या आठवड्यात काटा अर्धा ते दीड किलो वर जाईल, जाऊ दे, चौदा दिवस काहीही कमी करू नका आणि पंधराव्या दिवशी दोन्ही आठवड्यांच्या सरासऱ्या मला पाठवा.